अठ्ठ्याण्णववर पास

पुण्याची मुलगी चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, खिडकी नसलेल्या खोलीत, लोकांनी टाकून दिलेली कॉम्प्युटरं सांभाळत बसते हे माझ्या आईला कधी पटलंच नाही. "हवाई दलातल्या माणसाशी लग्न केलंस, निदान आकाश तरी दिसायला हवं गं," असं फोनवर म्हणायची. मी म्हणायचे, आकाश शिशिरला दिसतं, मला प्लायवूड दिसतं.

प्लायवूडची ती खोली म्हणजे आमची टेस्ट लॅब. खाली ट्रॅक्टरचे सुटे भाग ठोकण्याचा कारखाना, वर आमची कंपनी. मशीनं ओळीने मांडलेली: पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एनटी, दोन हजार आणि नवीकोरी एक्सपी. ही विंडोजची नावं, पण आम्ही त्यांना घरातल्या माणसांसारखं अर्ध्या नावाने हाक मारायचो. २००३ साल चालू होतं तरी डॉक्टरांच्या टेबलावर अजून बहुतेक अठ्ठ्याण्णवच होतं, आणि आमचं सॉफ्टवेअर डॉक्टरांसाठी होतं. पेशंटचं नाव, तपासण्या, औषधं, पुढच्या भेटीची तारीख. माझं काम इतकंच की नवं व्हर्जन प्रत्येक मशीनवर नीट बसतं का, जुन्यावर घातलं तर जुने पेशंट शाबूत राहतात का, आणि डॉक्टरांना नवं आवडलं नाही तर ते काढून पुन्हा जुनं आणता येतं का, ते बघायचं. या परत फिरण्याला रोलबॅक म्हणतात.

आणि माझी एक शिस्त होती. एक टेस्ट झाली की मशीन धुऊन काढायचं. म्हणजे डिस्कची आधीच काढून ठेवलेली कोरी प्रत तिच्यावर पुन्हा ओतायची, की मशीन परत कालच जन्मल्यासारखं. एका टेस्टचं खरकटं दुसरीला लागायला नको, हा त्यामागचा विचार. हरमीत, आमचा प्रोग्रॅमर, मला हसायचा. "मॅडमजी, आप तो बर्तन माँजने जैसा करती हो." हसेना का! घाणेरड्या ताटात वाढलेलं जेवण चांगलं की वाईट ते कसं कळणार, असं मी त्याला सुनवायचे.

त्या मे महिन्यात शिशिरची बदली पुण्याला झाली. लग्नानंतर तेजपूर, श्रीनगर, बिकानेर, चंदीगड असं सगळं हिंडून झाल्यावर एकदाचं पुणे! मुलीचं नाव कश्मिरा ठेवलंय ते श्रीनगरच्या पोस्टिंगची आठवण म्हणून, आणि तिला मराठी समजतं सगळं पण बोलते हिंदी. तिला आजीच्या घरी न्यायचं, मराठी तोंडात घालायचं, असं माझं किती वर्षांचं ठरलेलं. त्यात पुण्याच्या एका पॉलिटेक्निकमधून लेक्चररच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. सोमवारी अकरा वाजता, मूळ प्रमाणपत्रं घेऊन. कायमची नोकरी. शिशिर पुढे कुठेही जाईना, मला आता ट्रंका भराव्या लागणार नव्हत्या. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की स्वयंपाक करताना मी वर्गात शिकवल्यासारखं मोठ्याने बोलायला लागले होते.

अडचण एकच. माझी मूळ प्रमाणपत्रं आमच्या मालकांच्या, ढिल्लों साहेबांच्या, लोखंडी कपाटात होती. तेव्हा छोट्या कंपन्यांत ही सर्रास पद्धत होती; माणूस मध्येच पळून जाऊ नये म्हणून डिग्री ठेवून घ्यायची. मी राजीनामा दिला तेव्हा ढिल्लों साहेब गोडच बोलले. "संपदा जी, जाइए, खुशी से जाइए. बस व्हर्जन थ्री पर साइन करके जाइए. शुक्रवार को साइन, शुक्रवार को सर्टिफिकेट. पक्का." शनिवारी सकाळच्या शताब्दीने दिल्ली, तिथून पुढची गाडी, रविवारी पुणे. सगळं एकात एक नीट बसत होतं.

गुरुवारपर्यंत माझ्या सगळ्या टेस्ट पास झाल्या. पाचही मशीनवर. व्हर्जन थ्रीच्या सीड्यांचे खोके डीलरकडे जायला दारापाशी रचून ठेवले होते. शुक्रवारी 'तपासलं, पास' अशी सही केली की मी सुटले.

शुक्रवारी सकाळी स्मिताताईंचा फोन आला. डॉक्टर स्मिताताई, सेक्टर बावीसमध्ये त्यांचा बाळंतपणाचा छोटा दवाखाना. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, मग घरोबा. नवं व्हर्जन बाजारात जाण्याआधी खऱ्या दवाखान्यात चालवून बघावं म्हणून सोमवारी मीच ते त्यांच्याकडे घालून आले होते. "आता कागद बंद करा हो ताई, सगळं यातच लिहा," असं मोठ्या तोऱ्यात सांगूनही आले होते.

"संपदा, अगं तुझं ते नवीन दुपारनंतर रुसतं," ताई म्हणाल्या. "बटणांवरची अक्षरंच गायब होतात. खिडक्या अर्ध्या उघडतात. मग ढिम्म. बंद करून चालू केलं की परत शहाण्यासारखं. आधी मला वाटलं उन्हाळ्याने तापतंय. पण आज ओपीडीला ही गर्दी, मला नाही परवडत. मी जुनंच आणते परत. तू दाखवलं होतंस ना?"

"आणा की! कंट्रोल पॅनेलमध्ये जा, आपलं नाव निवडा, रिमूव्ह करा. जुनं आणू का विचारेल, हो म्हणा. मशीन बंद होऊन चालू होईल. काही काळजी करू नका, पाच मशीनवर तपासलंय मी."

अठ्ठ्याण्णवचं जरा असंच असतं. वापरात असलेल्या फायली त्याला जागच्या जागी बदलता येत नाहीत, ते बंद-चालू होतानाच बदलतं. त्याला वेळ लागतो. आम्ही फोन धरून गप्पा मारत बसलो. ताईंनी विचारलं, मुलाखतीला कुठली साडी नेसणार. मी म्हटलं, निळी.

"आलं गं जुनं," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अगं, पण सोमवारपासूनचे पेशंट कुठायत?"

"खाली बघा. यादी खाली सरकवा."

"खालीच आहे मी. गेल्या शनिवारचीच बाई शेवटची आहे. संपदा, माझा आठवडा कुठे गेला?"

फोन तसाच ठेवून मी लॅबमध्ये गेले. अठ्ठ्याण्णवच्या मशीनवर जुनं घातलं, नवं घातलं, आणि यावेळी मध्ये एक नवा पेशंट लिहिला. कुठलंही नाव, कुठलंही वय. मग रोलबॅक केला. नमुन्याचे सगळे पेशंट जिथल्या तिथे होते, माझा नवा पेशंट मात्र नव्हता.

घडत होतं ते असं. नवं व्हर्जन घालताना प्रोग्रॅम जुन्या माहितीची एक प्रत बाजूला ठेवतो आणि मग माहिती नव्या साच्यात बसवतो, कारण जुन्या व्हर्जनला नवा साचा वाचता येत नाही. परत फिरताना तो बाजूची प्रत जागेवर आणतो आणि नव्या साच्यातली फाइल पुसून टाकतो. मधल्या काळात जे काही लिहिलं ते त्या पुसलेल्या फायलीबरोबर जातं.

आणि माझ्या टेस्टमध्ये मधला काळ नव्हताच. नवं घाल, पेशंट मोज, जुनं आण, पेशंट मोज, तेवढेच आहेत, पास, की मशीन धुऊन टाक. माझ्या दवाखान्यात कधी कुणी नवीन पेशंट आलंच नव्हतं. दुपारच्या रुसण्याचंही तेच. अठ्ठ्याण्णवमध्ये बटणं, चित्रं, खिडक्या यांच्यासाठी राखलेली जागा चिमूटभर असते, मग मशीनमध्ये मेमरी कितीही घाला. आमचा प्रोग्रॅम त्यातली जागा घ्यायचा आणि परत करायचा नाही. दोन हजार आणि एक्सपीवर जागा ऐसपैस, तिथे पटकन कळत नाही; आणि अठ्ठ्याण्णव मी कधी अर्धा दिवस सलग चालू ठेवलंच नव्हतं. सारखी धूत होते ना! इतकी स्वच्छता की घाण दिसायला जागाच उरली नाही. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

हरमीतला दाखवलं. तो आधी म्हणाला, "मेरी मशीन पे तो चलता है," कारण त्याच्याकडे एक्सपी. मग त्याचा चेहरा उतरला. तो लगेच स्कूटर काढून सेक्टर बावीसला गेला, पुसलेली फाइल परत काढता येते का बघायला. पण जुन्या व्हर्जनवर ताईंनी सकाळचे पेशंट लिहायला सुरुवात केली होती. ते पुसलेल्या जागेवरच लिहिले गेले; फायलीचे तुकडे मिळाले, पण फाइल उघडेना.

ढिल्लों साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "आपके सारे टेस्ट पास हैं?" त्यांनी विचारलं.

"ज्या लिहिल्या होत्या त्या पास आहेत. पण ज्या लिहायला हव्या होत्या त्या लिहिल्याच नव्हत्या, सर."

"तो जो लिखे हैं, उन पर साइन कीजिए. झूठ तो नहीं है ना?"

हे मात्र खरं होतं. एक अक्षर खोटं लिहावं लागणार नव्हतं. पेन त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. पुढच्या महिन्यात दुरुस्तीची सीडी काढू म्हणाले, रोलबॅक करतंच कोण म्हणाले. मी म्हटलं, अठ्ठ्याण्णववाले सगळे करतील, कारण त्यांचं मशीन रोज दुपारी अडकणार आहे. आठवडाभर सोसतील आणि मग परत फिरतील, आणि आठवडा घालवून बसतील. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेल्या.

"मी सही नाही करणार," मी म्हटलं. निळी साडी डोळ्यांपुढे होती.

खाली हातोडे चालू होते. ढिल्लों साहेब उठले, कपाट उघडलं, माझी प्रमाणपत्रांची फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. "ले जाइए. मैं जेलर नहीं हूँ, संपदा जी. साइन हरमीत कर देगा. माल कल निकलेगा."

फाइल मी छातीशी धरली. खरं सांगते, पहिल्यांदा नुसता आनंद झाला. सुटले! दारापर्यंत गेले. दारापाशी खोके रचलेले. त्यांच्यावरून पाय टाकून जायला लागणार होतं, आणि पाय उचलेना.

मी परत फिरले. "मी थांबले तर?"

"आप रुकेंगी तो माल रुकेगा," ढिल्लों साहेब म्हणाले. "टेस्ट करनेवाला कोई होगा, तभी रोकने का मतलब है. आप चली गईं तो हरमीत ठीक करेगा और हरमीत ही कहेगा कि ठीक है. फिर आज भेजूँ या अगले हफ्ते, क्या फर्क है?"

माणूस चालू होता, पण बोलला ते बरोबर होतं. कपाटात प्रमाणपत्रं होती तोवर निदान शिव्या घालायला ते तरी होते. आता फाइल माझ्या हातात, आणि अडवणारं कुणीच नाही, मीच सोडून. डोकं इतकं फिरलं की मी त्यांच्यासमोर मराठीतच म्हटलं, "तुमचं वाटोळं होवो!" त्यांना कळलं असावं. ते हसले नाहीत.

"थांबते," मी म्हटलं.

घरी ट्रंका दोरीने बांधून झाल्या होत्या. शिशिरला सांगितलं तेव्हा तो उकिडवा बसून शेवटची गाठ मारत होता.

"वेडी आहेस का तू? सर्टिफिकेट हातात आहेत ना? मग?"

"मी गेले की ते खोके जातात रे."

"जाऊ देत! कंपनी तुझी आहे का? इतकी वर्षं माझ्यामागे फरफटलीस. आता एकदा तुझं काही होतंय, तर तू..." त्याने दोरी सोडून दिली. तो ओरडणारा माणूस नाही, म्हणून मला आणखीच लागलं.

"स्मिताताईंची एक बाई हरवलीय," मी म्हटलं. "राम दरबार वस्तीतली. आठवा महिना, बीपी वाढलेलं. मंगळवारी पहिल्यांदाच आली होती. तिचं नाव, पत्ता, पुन्हा कधी बोलावलंय, सगळं त्यातच होतं. कागद मी बंद करायला लावला होता. अशा किती बाया त्या खोक्यांत आहेत, सांग."

कश्मिरा दारात उभी होती. "मम्मा नहीं आ रही?" तिने बापाला विचारलं, मला नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

क्वार्टर सोडायचं होतं, तेव्हा राहणार कुठे हाही प्रश्नच. स्मिताताईंना फोन केला तर म्हणाल्या, "माझ्याकडे ये. माझे पेशंट घालवलेस, आता शोधायला बस." रागावलेल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. शनिवारी सकाळी शताब्दी सुटली. शिशिरने खिडकीतून हात केला. कश्मिराने दुसरीकडे तोंड फिरवलं होतं. रविवारी मी आणि ताई पॅथॉलॉजीवाल्याच्या चिठ्ठ्या, औषधवाल्याची बिलं घेऊन फोन करत बसलो. एकेक करून बाया सापडल्या. राम दरबारची नाही सापडली. ताई म्हणाल्या, येईल आपली आपण. पण त्यांचं लक्ष सारखं दाराकडे होतं.

सोमवारी हरमीतने नवी सीडी दिली. मी अठ्ठ्याण्णव सकाळीच चालू केलं आणि ठरवलं, आज धुणं नाही. आज हा दवाखाना. जुनं घातलं, नवं घातलं, आणि ओपीडी सुरू केली. एकेक पेशंट लिहायचा, तपासणी लिहायची, पुढची तारीख द्यायची, खिडकी बंद, पुढचा. अकरा वाजले तेव्हा मी एका खोट्या बाईचं खोटं बीपी लिहीत होते. तिकडे माझं नाव पुकारलं असेल, असं मनात आलं आणि हात थांबला. मग पुढचा पेशंट घेतला.

दुपार झाली. बटणांवरची अक्षरं जिथल्या तिथे होती. दुपार उलटली तरी मशीन रुसलं नाही. हरमीत मागे उभा राहून नखं खात होता. मग रोलबॅक. मशीन बंद झालं, चालू झालं, आपल्या गतीने कुरकुरत वर आलं. जुनं व्हर्जन उघडलं. सकाळपासूनचे सगळे पेशंट यादीत होते!

"पास!" हरमीत ओरडला. "मॅडमजी, पास!"

मीही ओरडलेच असते. पण एक नाव उघडलं. बीपी होतं, औषध होतं. पुढच्या भेटीची जागा कोरी होती. दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. कुणालाच पुढची तारीख नव्हती. नव्या साच्यात तारीख वेगळ्या ठिकाणी ठेवली होती, आणि परत आणताना ती आणायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात शिशिरचा फोन आला. तो माझा अर्ज घेऊन पॉलिटेक्निकमध्ये गेला होता. मी सांगितलं नव्हतं, आपणहून गेला होता. बायको कामात अडकलीय, चार दिवस द्या, म्हणून हात जोडले म्हणे. "ते चांगले होते गं बोलायला," तो म्हणाला. "पण जागा भरली. आजच निवड केली त्यांनी."

"बरं," मी म्हटलं.

"तिकडचं काय? झालं का?"

"नाही अजून."

"मग येतेस कधी?"

मला सांगता येईना. फोन ठेवला तर दारात ढिल्लों साहेब. हरमीतचा आरडाओरडा त्यांनी ऐकला असणार. "हो गया, संपदा जी? माल निकालूँ?"

आता मला कुठली गाडी पकडायची नव्हती, कुणाला प्रमाणपत्रं दाखवायची नव्हती. हो म्हटलं असतं तर उद्या सकाळी मी लेकीकडे निघाले असते, आणि पेशंट तर यादीत दिसत होतेच, कुणाला लगेच कळलंही नसतं. त्यांच्याकडे बघणंही नको वाटत होतं.

"नहीं हुआ," मी म्हटलं. "सगळे पेशंट आलेत, पण परत कधी यायचं ते एकीलाही माहीत नाही."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून ढिल्लों साहेबांनी अठ्ठ्याण्णवच्या मशीनपुढे ठेवलं आणि बसले. इतक्या वर्षांत ते या खोलीत कधी बसले नव्हते.

"दिखाइए," ते म्हणाले.

मी पहिल्या बाईचं नाव उघडलं.